सगळीकडे कप्सच आले, तर? नव्या नात्याच्या मांडणीत पाण्याचा ठाव कसा घ्यावा

नवं नातं सुरू झालेलं असतं, मनात हुरहुर असते, आणि प्रेमासाठी मांडलेल्या सात टॅरो कार्डांत चार किंवा पाच कप्स, म्हणजे पेल्यांच्या गटातली कार्डं, येतात. विचारणारीचा चेहरा खुलतो. कप्स म्हणजे पाणी, पाणी म्हणजे भावना, आणि भावना इतक्या म्हणजे नातं खोल, असा सरळ हिशोब ती मनात मांडून मोकळी होते. कार्डं वाचणारे बरेच जणही तिथेच थांबतात. माझ्या अनुभवात ही घाई सगळ्यात जास्त फसवते. कप्सच्या संख्येवरून पाणी किती आहे ते कळतं, ते किती खोल आहे ते नाही. गुडघाभर पाणी मोठ्या मैदानावर पसरलं, तरी समुद्रासारखं दिसतं.

खोली मोजायची माझी रीत एकाच प्रश्नावर उभी आहे: या मांडणीत कप एका हातातून दुसऱ्या हातात जातो आहे का? त्या प्रश्नापर्यंत कसं पोहोचायचं आणि उत्तर कसं वाचायचं, ते पुढे सविस्तर लिहिते.

आधी एक अट. ही रीत रायडर-वेट-स्मिथ या टॅरो संचावर किंवा त्याच चित्रांवर आधारलेल्या संचांवरच चालते. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या संचात चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी छोट्या, म्हणजे अंकांच्या, कार्डांवरही पूर्ण प्रसंग रंगवले. माणसं, त्यांचे हात, त्यांची नजर, मागचं पाणी, सगळं त्यात दिसतं. मार्सेय पद्धतीच्या जुन्या संचांत सिक्स ऑफ कप्स म्हणजे फक्त सहा पेले आणि थोडी वेलबुट्टी. तिथे कप कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला, हे बघायला माणसंच नसतात.

पत्ते पिसणं आणि मांडणं

कप्सचं वर्चस्व खरं आहे की पत्ते नीट न पिसल्यामुळे आलं आहे, हे आधी तपासायला हवं. नवा संच उघडला की चौदाच्या चौदा कप्स ओळीने एकत्र असतात. आधीच्या वाचनानंतर कार्डं गोळा करताना आपण सारखी सारखी एकत्र ठेवली असतील, तरी तेच होतं. हातात गड्डी धरून वरची कार्डं खाली सरकवत राहिलं, तर असे गठ्ठे पटकन फुटत नाहीत. बावन्न पत्त्यांच्या गड्डीला, दोन भाग करून एकमेकांत फडफडत मिसळायची पद्धत वापरली, तर सात वेळा मिसळणं पुरेसं मानलं जातं. अठ्ठ्याहत्तर कार्डांना मी आठ ते दहा वेळा मिसळते. कार्डं मोठी असल्याने ते जमत नसेल, तर सगळी कार्डं कापडावर पालथी पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर चांगली कालवा. त्यात कार्डांच्या कडाही शाबूत राहतात.

प्रश्नाची भाषा महत्त्वाची आहे. 'त्याचं माझ्यावर प्रेम आहे का' असं विचारलं, की येणारा प्रत्येक कप 'हो' म्हणतो आहे असं वाटू लागतं. त्याऐवजी 'आमच्यातल्या भावना आत्ता कुठवर पोहोचल्या आहेत' असं विचारावं. या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर देताच येत नाही, म्हणून कार्डांकडे बघावंच लागतं.

सात जागा अशा मांडते. मधल्या ओळीत डावीकडे पहिलं कार्ड, विचारणारीच्या मनाचं. उजवीकडे दुसरं, समोरच्या माणसाचं. त्या दोघांच्या बरोबर मधे तिसरं, दोघांत जे घडतं आहे त्याचं. तिसऱ्याच्या खाली चौथं, म्हणजे नात्याच्या मुळाशी काय आहे ते. वरच्या ओळीत डावीकडून पाचवं, सहावं आणि सातवं. पाचवं न बोललेल्या गोष्टीचं, सहावं रोजच्या व्यवहारात नात्याला कशाचा आधार आहे त्याचं, आणि सातवं येत्या काही आठवड्यांत प्रवाह कुठे वळतो आहे त्याचं.

दुसऱ्या जागेबद्दल मी आधीच स्पष्ट बोलते. जो माणूस समोर बसलेला नाही, त्याचं मन ते कार्ड उघडून दाखवत नाही. तो माणूस विचारणारीला कसा जाणवतो, ते दाखवतं. हा फरक सांगितला नाही, तर ती घरी जाऊन त्या कार्डाच्या भरवशावर त्याच्याशी वागू लागते.

वर्चस्व कशाला म्हणायचं

अठ्ठ्याहत्तरांत चौदा कप्स. सात कार्डं काढली तर सरासरी एक किंवा फार तर दोन कप्स येतात. साधारण चारांतल्या एका मांडणीत एकही कप येत नाही, आणि त्यात अशुभ काही नाही. तीन कप्स अकरा-बारा मांडण्यांतून एकदा येतात. चार किंवा त्याहून जास्त कप्स साधारण सत्तावन्न मांडण्यांत एकदा, आणि पाच किंवा जास्त सहाशेहून अधिक मांडण्यांत एखाद्या वेळी. म्हणून तीन कप्सना मी 'भावनेचा जोर' म्हणते आणि चारपासून पुढे 'वर्चस्व'. दोन कप्स आले की 'बघा, पाणीच पाणी' म्हणणारे वाचक मी पाहिले आहेत. दोन म्हणजे रोजचीच गोष्ट.

मेजर अर्काना, म्हणजे चार गटांबाहेरची मोठी कार्डं, इथे वेगळी मोजावीत. चार कप्सबरोबर लव्हर्स किंवा मून आलं, तर वजन त्या मोठ्या कार्डाचं धरायचं. कप्स मग त्याचा रंग सांगतात.

चित्रातली माणसं मोजा

आता मुख्य काम. आलेले सगळे कप्स नजरेने वेगळे करा. त्यांचे पाठ केलेले अर्थ बाजूला ठेवा आणि फक्त इतकं बघा, की चित्रात किती माणसं आहेत आणि कप कुणाकडे आहे.

टू ऑफ कप्समध्ये दोघं समोरासमोर आहेत आणि दोघांच्याही हातात कप आहे. देणं आणि घेणं एकाच क्षणी चाललं आहे. सिक्स ऑफ कप्समध्ये एक मूल दुसऱ्या लहान मुलीला फुलांनी भरलेला कप देतं. इथेही कप हातातून हातात जातो, पण दिशा एकच आहे, आणि सगळा प्रसंग कुठल्या तरी जुन्या अंगणात घडतो आहे. थ्री ऑफ कप्समध्ये तिघी कप उंचावून नाचतात. कुणी कुणाला काही देत नाही, पण आनंद सगळ्यांचा आहे. टेन ऑफ कप्समध्ये जोडपं एकमेकांना धरून वर बघतं आणि कप्स इंद्रधनुष्यात आहेत, कुणाच्याच हातात नाहीत. बाकीच्या कार्डांत माणूस एकटा आहे. फोरमध्ये झाडाखाली बसलेला तरुण समोर आलेल्या चौथ्या कपाकडे बघतच नाही. फाइव्हमध्ये काळा झगा पांघरलेली व्यक्ती सांडलेल्या तीन कपांवर मान झुकवून उभी आहे, आणि न सांडलेले दोन तिच्या पाठीमागे आहेत. सेव्हनमध्ये एक काळी आकृती ढगांत तरंगणाऱ्या सात कपांसमोर उभी आहे. एटमध्ये लाल वस्त्रातला माणूस रचलेले कप मागे टाकून चंद्राखालून निघून जातो. नाइनमध्ये हाताची घडी घालून एक जण समाधानाने बसला आहे, मागे नऊ कप मांडले आहेत, आणि ते सगळे त्याचेच आहेत.

एसमध्ये तर माणूसच नाही. ढगातून आलेल्या एका हातावर कप आहे आणि त्यातून पाणी ओसंडून खाली वाहतं आहे. एस ऑफ कप्स म्हणजे झरा फुटला. तो नदी होतो की वाटेत जिरून जातो, हे त्या कार्डात लिहिलेलं नाही.

आता मोजा. आलेल्या चार-पाच कप्सपैकी किती चित्रांत कप एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो? ही संख्या माझ्या लेखी खोलीची पहिली खूण. पाच कप्स येऊन त्यात सगळेच एकटे असतील, तर दोघांच्याही मनात खूप काही उसळतं आहे, पण प्रत्येक जण ते आपल्यापुरतं अनुभवतो आहे. नव्या नात्यात हे फार दिसतं. रात्री जागून एकमेकांबद्दल विचार करणं आणि एकमेकांना ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकटे कप्स पहिली गोष्ट सांगतात.

उलट, दोनच कप्स आले आणि त्यातला एक टू ऑफ कप्स तिसऱ्या जागी असेल, तर मी त्याला पाच एकट्या कप्सपेक्षा जास्त खोल म्हणते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मांडणीलाही लागू पडते.

दरबारी कार्डं म्हणजे पाणी सांभाळायची रीत

पेज, नाइट, क्वीन आणि किंग ही चार कार्डं पहिल्या दोन जागी आली, तर जास्त वेळ द्या. ती भावना सांगतातच, शिवाय ती भावना कोण कशी हाताळतो तेही सांगतात.

पेजच्या कपातून एक मासा डोकं वर काढतो आणि तो तरुण थक्क होऊन त्याच्याकडे बघतो. आपल्याला असं काही वाटू शकतं याचंच त्याला नवल. नाइट पांढऱ्या घोड्यावर बसून कप पुढे धरून चालला आहे. घोडा संथ चालीने चालतो आहे, आणि वाटेत एक ओढा आहे जो अजून ओलांडायचा आहे. भावना बोलून दाखवण्यात नाइट पटाईत असतो. ओढा ओलांडला की नाही, हे मात्र इतर कार्डांवरून बघावं लागतं. क्वीनच्या हातातला कप सगळ्यांत सुंदर आहे, आणि संपूर्ण संचातला तो एकच कप असा आहे ज्यावर झाकण आहे. तिच्या मनात खूप आहे, पण बाहेर दिसत नाही. किंगचं सिंहासन थेट समुद्रावर आहे, भोवती लाटा आहेत, आणि तरीही तो स्थिर आहे.

इथे नजरेची दिशाही बघते. या संचात क्वीन ऑफ कप्स आपल्या डावीकडे बघते आणि नाइट ऑफ कप्स उजवीकडे जातो. पहिल्या जागी क्वीन आणि दुसऱ्या जागी नाइट आला, तर दोघांची एकमेकांकडे पाठ होते. जागा उलट झाल्या, तर दोघं समोरासमोर येतात. कार्डं तीच, वाचन वेगळं. तुमच्या संचात चित्रकाराने दिशा बदललेली असू शकते, म्हणून आठवणीवर विसंबू नका, समोरचं कार्डच बघा.

जे आलंच नाही, तेही वाचा

कप्सनी जागा अडवल्या म्हणजे वाँड्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स या बाकीच्या तीन गटांपैकी कुणाला तरी जागा मिळाली नाही. वाँड्स नसतील तर पुढाकार कोण घेणार, हा प्रश्न राहतो. दोघंही वाट बघत बसतात. स्वोर्ड्स नसतील तर स्पष्ट बोलणं झालेलं नाही. नव्या नात्यात ते बऱ्याचदा गोड वाटतं आणि नंतर महागात पडतं. पेंटॅकल्स नसतील तर वेळ, सवयी, जबाबदाऱ्या, पैसा यांचा अजून प्रश्नच आलेला नाही. पाणी साठायला भांडं लागतं, आणि ते भांडं पेंटॅकल्सचं असतं. म्हणून कप्सच्या गर्दीत एखादं पेंटॅकल आलं, तर ते रुक्ष वाटलं तरी त्याच्याकडे जरा जास्त आदराने बघा.

शेजारीपण बघायची एक जुनी पद्धत आहे. पाणी आणि पृथ्वी एकमेकांना बळ देतात, पाणी आणि अग्नी एकमेकांना कमी करतात, वारा आणि पृथ्वीचंही जमत नाही. कप्स म्हणजे पाणी, पेंटॅकल्स पृथ्वी, वाँड्स अग्नी, स्वोर्ड्स वारा. प्रत्येक मांडणीत हे लावायची गरज नाही. वरच्या ओळीतली तीन कार्डं वाचताना मात्र याचा चांगला उपयोग होतो, कारण तिथे सहाव्या कार्डाला दोन्ही बाजूंना शेजारी असतात.

उलट्या आलेल्या कप्सबद्दल थोडक्यात. नव्या नात्यात उलटा कप म्हणजे भावना नाही असं मी सहसा म्हणत नाही. भावना आहे, पण ती बाहेर यायला कचरते किंवा चुकीच्या ठिकाणी सांडते आहे, असं वाचते. चारपैकी तीन कप्स उलटे आले, तर मात्र थांबून विचारते: 'इतकं मनात कशासाठी दाबून ठेवलंय?'

एक मांडणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एकीच्या परवानगीने तिची मांडणी इथे देते. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. नातं आठ आठवड्यांचं होतं. रोज रात्री फोनवर दीड-दोन तास बोलणं, आठवड्यातून एकदा भेट. कार्डं उघडली आणि ती लगेच म्हणाली, "ताई, पाच कप्स! म्हणजे खूप खोल आहे ना हे?"

पहिल्या जागी क्वीन ऑफ कप्स. दुसऱ्या जागी नाइट ऑफ कप्स. मधे सेव्हन ऑफ कप्स. मुळाशी सिक्स ऑफ कप्स. वरच्या ओळीत पाचवं टू ऑफ स्वोर्ड्स, सहावं एट ऑफ पेंटॅकल्स, सातवं एस ऑफ कप्स. सगळी सरळ. मेजर अर्कानातलं एकही नाही, वाँड्सही नाहीत.

पत्ते तिने माझ्यासमोर कापडावर कालवले होते, त्यामुळे गठ्ठ्याची शंका नव्हती. पाच कप्स खरोखर दुर्मीळ, म्हणजे भावनांचा पूर आहे, हे तिला मी लगेच सांगितलं. मग माणसं मोजली. क्वीन एकटी. नाइट एकटा. सेव्हनमधली आकृती एकटी. एसमध्ये कुणीच नाही. पाच कप्सपैकी फक्त सिक्समध्ये कप हातातून हातात जातो, आणि तो प्रसंग जुना आहे, मुळाशी आहे, आजचा नाही.

पहिल्या दोन जागा तिला बोटाने दाखवल्या. क्वीन डावीकडे बघते, नाइट उजवीकडे चालला आहे. मी काही सांगायच्या आत ती म्हणाली, "पाठ फिरवून आहेत की हो." मी म्हटलं, भांडण म्हणून वाचू नकोस. दोघांकडे कप आहे, पण दोघंही तो आपापल्या बाजूला धरून आहेत. तो बोलतो, सुंदर बोलतो, निदान तुला तो असा जाणवतो. तू ऐकतेस, आत साठवतेस, आणि तुझ्या कपावर झाकण आहे. तुझ्या मनातलं त्याला किती माहीत आहे? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तोच जास्त बोलतो. मला ऐकायला आवडतं."

मधला सेव्हन ऑफ कप्स हा या मांडणीचा कणा होता. ढगांत सात कप तरंगतात. एकात चेहरा, एकात साप, एकात किल्ला, एकात दागिने, एकात विजयाची माळ, एकात विचित्र जनावर, आणि मधल्या कपात वस्त्राने पूर्ण झाकलेली एक तेजस्वी आकृती. बहुतेक पुस्तकांत याचा अर्थ 'कल्पनाविलास' किंवा 'पर्यायांचा गोंधळ' असा असतो. नव्या प्रेमात मी त्या झाकलेल्या आकृतीकडे बघते. समोरचा माणूस अजून वस्त्राखाली आहे आणि त्याच्याभोवती आपल्या इच्छांचे सहा कप तरंगताहेत. तिला विचारलं, त्याच्याबद्दल तुला पक्क्या माहीत असलेल्या आणि तू स्वतः पाहिलेल्या पाच गोष्टी सांग. तिने तीन सांगितल्या. चौथी सांगताना म्हणाली, "म्हणजे तो तसा असेल असं मला वाटतं." तिलाच ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

मुळाशी सिक्स ऑफ कप्स होता. त्याचा अर्थ सांगण्याआधी विचारलं, या नात्यात एखादी जुनी चव आहे का? तिने सांगितलं की त्याची बोलायची लकब कॉलेजमधल्या एका जुन्या मित्रासारखी आहे, ज्याला ती मनातलं कधीच सांगू शकली नाही. मग त्या फुलांच्या कपाचा अर्थ सरळ होता. आज जे भरून येतं आहे, त्यातला काही भाग या माणसाचा नाही. ते पाणी खरं आहे, पण जुन्या विहिरीचं आहे. म्हणून नातं खोटं ठरत नाही. फक्त आठ आठवड्यांत इतकं कसं काय वाटू लागलं, याचं उत्तर मिळतं.

वरच्या ओळीत टू ऑफ स्वोर्ड्स. डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री छातीवर दोन तलवारी आडव्या धरून बसली आहे आणि समुद्र तिच्या पाठीमागे आहे. खाली कप्सच कप्स, आणि ही बाई पाण्याकडे पाठ करून बसलेली. न बोललेल्या गोष्टीच्या जागी हे कार्ड आलं, म्हणजे एक प्रश्न मुद्दाम विचारलेला नाही. तो काय आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ते ओळखून दाखवणं हे माझं कामही नव्हतं. तिला माहीत होतं. त्याचं आधीचं नातं खरंच संपलं आहे का, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

सहाव्या जागी एट ऑफ पेंटॅकल्स आलं, तेव्हा मला बरं वाटलं. कारागीर एकामागून एक नाणं कोरत बसला आहे. नात्यात छोट्या छोट्या गोष्टी नेमाने घडताहेत. तिने मान्य केलं, तो ठरलेल्या वेळी फोन करतो, सांगितलेलं लक्षात ठेवतो, आजवर एकही भेट त्याने आयत्या वेळी रद्द केलेली नाही. हे त्याचं खरं, दिसणारं काम होतं. पण या कार्डातही कारागीर एकटाच आहे. हे काम दोघंही करताहेत की फक्त तो, हा प्रश्न मी तिच्यापुढे ठेवला.

त्या कार्डाचे शेजारी बघा. डावीकडे तलवारी, म्हणजे वारा, ज्याचं पृथ्वीशी जमत नाही. उजवीकडे एस ऑफ कप्स, म्हणजे पाणी, ज्याचं पृथ्वीशी जमतं. मी ते असं वाचलं: न विचारलेला प्रश्न रोजच्या या नेमाला एका बाजूने कोरत राहील. तो प्रश्न बाजूला झाला, तर याच नेमातून एसचं पाणी झिरपायला जागा मिळेल.

सातव्या जागी एस आला म्हणून ती खूश होती. तिला समजावलं, की एस शेवटी आला म्हणजे झरा अजून फुटायचा आहे. आठ आठवडे जे वाहिलं, ते बरंचसं कल्पनेचं आणि आठवणीचं होतं. या माणसाबरोबरचं पाणी आता कुठे सुरू होऊ शकतं. तिला हे थोडं लागलं, ते दिसलं मला. पण खोलीबद्दल तिने विचारलं होतं, आणि कार्डांनी दिलेलं उत्तर हेच होतं.

वाचन कुठे घसरतं

टेन ऑफ कप्स दिसला की लग्न, हा सगळ्यात मोठा खड्डा. नव्या नात्यात हे कार्ड पहिल्या जागी आलं, तर ते बहुतेक वेळा विचारणारीच्या मनातलं घराचं स्वप्न असतं. सहाव्या जागी आलं, तर दोघांच्या घरच्यांचा नात्याला आधार आहे असं वाचता येतं. जागा सोडून कार्ड वाचलं की स्वप्नाला भविष्य समजण्याची चूक होते.

दुसरी चूक म्हणजे फाइव्ह आणि एट यांना घाबरणं. मुळाशी फाइव्ह ऑफ कप्स येणं माझ्या लेखी चांगलंच. माणूस काहीतरी गमावून इथवर आला आहे, आणि ज्याने सांडलेलं पाहिलं आहे तो कप जपून धरतो. मुळाशी एट आला, तर आधीचं काही तरी विचारपूर्वक सोडून झालेलं असतं. हेच एट सातव्या जागी आलं, तर मात्र सावध करते: मन भरेल असं इथे काही तरी कमी पडतं आहे, आणि दोघांपैकी एकाला ते कळू लागलं आहे.

तिसरी चूक विचारणारीची. हवं ते उत्तर मिळेपर्यंत त्याच दिवशी पुन्हा पुन्हा कार्डं काढणं. दुसऱ्या मांडणीत कप्स कमी आले की ती घाबरते, तिसऱ्यात जास्त आले की सुटकेचा श्वास घेते, आणि शेवटी कुठलीच मांडणी हातात राहत नाही. मी एका प्रश्नाला एकच मांडणी काढते, तिचा फोटो काढून ठेवायला सांगते, आणि पुढची किमान चार आठवड्यांनी.

मधल्या काळात तपासण्यासाठी मांडणीतूनच दोन-तीन ठोस गोष्टी काढून द्याव्यात. 'प्रेम वाढेल' हे तपासता येत नाही. या मैत्रिणीला मी तीन गोष्टी लिहून दिल्या. एक, तो प्रश्न विचारायचा आणि उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत बघायची. दोन, आठवड्यातून एकदा तरी फोनवर आधी तिने स्वतःबद्दल बोलायचं, झाकण उघडून. तीन, त्याच्याबद्दल स्वतः पाहिलेल्या गोष्टींची यादी वहीत वाढवत न्यायची, 'वाटतं' हा शब्द न वापरता.

ती सहा आठवड्यांनी पुन्हा आली. प्रश्न विचारून झाला होता. तो दोन दिवस गप्प होता आणि मग भेटून सगळं सांगितलं होतं, त्यातलं काही तिला आवडलं होतं आणि काही नाही. वहीत सतरा गोष्टी होत्या. आम्ही त्याच सात जागा मांडल्या. या वेळी एकच कप आला, तो पुन्हा सिक्स, या वेळी पाचव्या जागी. तिचा चेहरा उतरला. मधल्या जागी टू ऑफ पेंटॅकल्स होतं. एक तरुण दोन नाणी वळशात खेळवतो आहे, एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं. तिला ते कार्ड कोरडं वाटलं. मी ते उचलून तिच्या हातात दिलं आणि त्या तरुणाच्या मागे बघायला सांगितलं. तिथे उंच लाटा आहेत, आणि त्यांच्यावर दोन गलबतं चालली आहेत.